चाक, पायरी आणि फुकटचे मार्क

मेकॅनिक्सच्या पेपरात काही गणितं अशी असतात की उत्तर चुकलं तरी विद्यार्थ्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. पायरी चढणाऱ्या सिलिंडरचं गणित त्यातलं एक नंबरचं. एक भरीव सिलिंडर सपाट जमिनीवर न घसरता गडगडत येतो, समोर कमी उंचीची पायरी आहे, तिच्या कडेला आपटतो. पायरीवर चढून जायचं तर त्याचा कमीत कमी वेग किती हवा? प्रश्न दोन ओळींचा, आकृती पेन्सिलने अर्ध्या मिनिटात होते. आणि होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर कुठलंही दार वाजवून विचारा, दहातले सातआठ जण पहिली ओळ हीच लिहितील: ऊर्जा अक्षय्य आहे, म्हणून गतिज ऊर्जा बरोबर mgh. खाली डबल लाइन, चहाला चला!

माझं म्हणणं असं, की ही पहिली ओळ लिहिली तिथेच गणित संपलं. पुढचं सगळं आकडेमोडीचं नाटक. दुसरं म्हणणं जरा सरांना न आवडणारं आहे. जो विद्यार्थी कोनीय संवेग, म्हणजे अँग्युलर मोमेंटम, वापरून पुस्तकातलं बरोबर सूत्र उतरवतो, त्यालाही पूर्ण मार्क देऊ नयेत. ते सूत्र कुठपर्यंत चालतं हे त्याने लिहिलेलं नसतं, आणि आपण ते विचारतही नाही. दोन्ही बाजूंना फुकटचे मार्क वाटले जातात. भांडण लावायचा उद्देश नाही, पण झालं तर होऊ द्या.

आधी ऊर्जावाल्यांचं बघू. ऊर्जेचा नियम खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की सिलिंडर कडेवर आपटतो तेव्हा आवाज येतो की नाही? येतो. पायरीची कड झिजते, टवका उडतो, फरशी हादरते. हे सगळं फुकटात होत नाही. त्यासाठी लागणारी ऊर्जा सिलिंडरच्याच खिशातून जाते. म्हणजे आपटण्याच्या आधी आणि नंतर ऊर्जा सारखी धरणं म्हणजे तो ‘थड्’ आवाज कानांनी ऐकून वहीत नाकारणं. आता ऊर्जा किती गेली ते आधी माहीत नाही, मग गणित सोडवायचं कशावरून? इथे अशी राशी हवी जी आपटण्याच्या क्षणी बदलत नाही, आणि ती म्हणजे पायरीच्या कडेभोवतीचा कोनीय संवेग.

कडेभोवतीचाच का? केंद्राभोवतीचा का नाही? वायवात हा प्रश्न विचारला की समोरचा छताकडे बघायला लागतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. आपटताना कड सिलिंडरला एक जोरदार झटका देते. त्या झटक्याची दिशाही आपल्याला माहीत नाही, मापही माहीत नाही. त्यात सरळ केंद्राकडे ढकलणारा भाग आहे आणि घर्षणामुळे कडेवर स्पर्शरेषेत लागणारा भागही आहे. केंद्राभोवती मोमेंट घेतलीत तर हा घर्षणाचा झटका समीकरणात अज्ञात म्हणून घुसतो. कडेभोवती घेतलीत तर दोन्ही भागांचा मोमेंट आर्म शून्य, कारण झटका लागतोच मुळी कडेवर. जे माहीत नाही ते एका फटक्यात बाहेर गेलं. वजनाचं काय? वजन कडेभोवती फिरवतं खरं, पण ते साधं, ठराविक बल आहे, आणि आपटण्याला लागणारा वेळ जवळजवळ शून्य. तेवढ्या वेळात त्याने फारसं काही बिघडत नाही.

उरली जमीन. आपटण्याच्या क्षणी सिलिंडर जमिनीलाही टेकलेला असतो, मग जमीन झटका देत नाही कशावरून? हे बहुतेक वहीत लिहिलेलंच नसतं. उत्तर आकृतीतच आहे. आपटल्यावर सिलिंडर कडेभोवती पुढे फिरू लागतो. जमिनीला टेकलेला बिंदू कडेच्या मागे आहे, म्हणून या फिरण्यात तो वर उचलला जातो. जो बिंदू जमीन सोडून निघाला, त्याला जमीन कशाला ढकलेल? म्हणून जमिनीचा झटका शून्य. ही एक ओळ लिहिली नाही तर पुढचं गणित म्हणजे नशीब.

आता आकडे घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. कार्पेंटरी शॉपमध्ये लेथवर गोल केलेला एक भरीव लाकडी सिलिंडर घ्या, त्रिज्या r = 10 सेंमी. पायरी म्हणून २ सेंमी जाडीची कडप्पा फरशी भिंतीला टेकवून घट्ट बसवा, म्हणजे h = 2 सेंमी. सिलिंडर v वेगाने येतोय आणि घसरत नाही.

आपटण्याआधी कडेभोवतीचा कोनीय संवेग दोन भागांचा. पहिला भाग केंद्र सरळ पुढे जातंय त्याचा. केंद्राचा वेग आडवा आहे, आणि त्या आडव्या रेषेपासून कड r − h इतकी खाली आहे. म्हणून हा भाग mv(r − h). दुसरा भाग सिलिंडरच्या स्वतःभोवती फिरण्याचा. भरीव सिलिंडरचा इनर्शिया ½mr², फिरण्याचा वेग v/r, म्हणून ½mrv. दोन्हींची बेरीज:

mv(r − h) + ½mrv = mv(1.5r − h)

आपटल्यानंतर सिलिंडर कडेला चिकटून तिच्याभोवती फिरतो असं धरू, म्हणजे उसळत नाही आणि कडेवर घसरतही नाही. कडेभोवतीचा इनर्शिया 1.5mr². नव्या फिरण्याचा वेग ω म्हटला तर केंद्राचा नवा वेग ωr. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की

ωr = v(1.5r − h)/(1.5r)

आपल्या सिलिंडरसाठी कंसातला आकडा १५ − २, म्हणजे १३, भागिले १५. वेग एका क्षणात मूळच्या १३/१५ वर, म्हणजे ०.८७ पट. ऊर्जा त्याच्या वर्गाने जाते, म्हणून उरली ७५ टक्के. पाव ऊर्जा ‘थड्’मध्ये गेली! आणि गंमत अशी की या हिशेबात लाकूड की लोखंड, जड की हलकं, हे कुठेच आलं नाही. उसळी आणि घसरण नसेल तर किती ऊर्जा जाणार हे फक्त पायरी त्रिज्येच्या मानाने किती उंच आहे आणि वजन केंद्राजवळ आहे की कडेला, यावर ठरतं. जाणारी ऊर्जा ही आकाराने ठरवलेली वसुली आहे, मालाच्या क्वालिटीचा प्रश्न नाही.

आता इथेच एक सापळा आहे, तो नीट बघा. पहिल्या भागात r − h च्या ऐवजी सवयीने r लिहिला, तर आधीचा कोनीय संवेग 1.5mrv होतो आणि ωr = v येतं. म्हणजे वेग बदललाच नाही, ऊर्जा गेलीच नाही! तुम्ही कोनीय संवेगाचं नाव लिहिलं, समीकरण मांडलं, आणि उत्तर मात्र ऊर्जावाल्याचंच आलं. वर दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर आलं म्हणून पेपर देताना जीव भांड्यात पडतो. पेपर तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी शेवटचा आकडा न बघता आधी हा r − h बघावा. गणिताचा सगळा प्राण त्या वजा h मध्ये आहे.

आपटणं झालं. यानंतर मात्र ऊर्जेला परत बोलवायला हरकत नाही, कारण कडेभोवती फिरताना कड जागची हलत नाही आणि तिथलं बल काम करत नाही. केंद्राला h इतकं वर जायचंय. म्हणून ½(1.5mr²)ω² निदान mgh इतकं हवं. वरचं ω घालून आवरलं की

v = r√(3gh)/(1.5r − h)

आपल्या आकड्यांनी हा वेग येतो सेकंदाला ०.५९ मीटर. नुसत्या ऊर्जेने काढलं असतं तर आला असता ०.५१. फरक आठ सेंटिमीटरचा, कागदावर किरकोळ दिसतो. पण ०.५५ ने सोडलेला सिलिंडर ऊर्जावाल्यांच्या मते वर चढायला पाहिजे, आणि प्रत्यक्षात तो अर्ध्यातून परत येतो. कोण बरोबर हे सिलिंडरच सांगेल.

वेग मोजायची भानगड नको असेल तर सोपा मार्ग आहे. सिलिंडर एका उतरत्या फळीवरून सोडा. केंद्र जितकी उंची H खाली येईल, तितकी ऊर्जा त्याला मिळाली. मग वर चढण्यासाठी लागणारी उंची निघते h गुणिले (१५/१३) चा वर्ग, म्हणजे २.६६ सेंमी. g सुद्धा गेला, सेकंदही गेले, राहिली फक्त पट्टी! ऊर्जावाले म्हणतात २ सेंमीवरून सोडा, चढेल. आम्ही म्हणतो २.६६ लागतील. भांडण साध्या फूटपट्टीवर मिटतं.

आता सरांकडे वळतो. वरचं सूत्र बरोबर आहे, पुस्तकात आहे, आणि विद्यार्थी ते पाठ करून येतात. पण ते काढताना आपण एक गोष्ट गुपचूप धरली: आपटल्यावर सिलिंडर कडेला चिकटून राहतो. कोण म्हणतं राहतो? कडेभोवती गोल फिरायला केंद्राकडून कडेकडे ओढणारं बल लागतं, आणि कडेला काही हात नाहीत, ती फक्त ढकलू शकते. ओढायचं काम वजनाच्या त्या दिशेतल्या भागानेच करायला हवं. म्हणजे फिरण्यासाठी लागणारं mω²r हे वजनाच्या कडेकडच्या भागापेक्षा, mg(r − h)/r पेक्षा, जास्त होता कामा नये. जास्त झालं की सिलिंडर कड सोडतो आणि हवेत उडतो. सगळ्यात कठीण क्षण आपटल्याबरोबरचा असतो, कारण पुढे वेग कमी होत जातो आणि वजनाचा तो भाग वाढत जातो. तो क्षण निभावला की पुढचं निभतं.

ही अट लावली की वेगाला वरचीही मर्यादा येते. आपल्या सिलिंडरसाठी ती आहे सेकंदाला १.०२ मीटर, फळीच्या भाषेत ८ सेंमी. म्हणजे २.६६ सेंमीच्या खाली तो परत येतो, ८ च्या वर उडतो, आणि मधल्या पट्ट्यातच तो पुस्तकातल्यासारखा सभ्यपणे चढतो.

आता पायरी वाढवत चला. ४ सेंमी पायरीला खालची मर्यादा ७.४ सेंमी आणि वरची ८.४. पट्टा एका सेंटिमीटरचा उरला! ४.५ सेंमी पायरीला खालची ९.२ आणि वरची ८.४. खालची मर्यादा वरच्याच्या डोक्यावर जाऊन बसली. याचा अर्थ असा की चढण्यापुरता वेग दिला तर तो उडालाच पाहिजे, कडेला चिकटून चढणं शक्यच नाही. दोन्ही मर्यादा जिथे एकमेकींना भेटतात ती जागा काढली तर उत्तर सुंदर येतं: पायरी त्रिज्येच्या ३/७ पेक्षा उंच असेल तर पुस्तकातलं सूत्र लागूच होत नाही. १० सेंमी त्रिज्येला ही मर्यादा ४.२९ सेंमी. त्याच्या पुढे सिलिंडर वर जाणारच नाही असं मात्र नाही. उडून जाऊ शकतो, पण मग ते फेकलेल्या वस्तूचं गणित झालं, आपलं सूत्र तिथे मुकं आहे.

म्हणून मी म्हणतो की h = r/2 देऊन हे गणित घालू नका, आणि घातलंत तर भरीव सिलिंडरसाठी ‘हे सूत्र इथे चालत नाही’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. पोकळ कडं असेल, म्हणजे सगळं वजन परिघावर, तर मर्यादा बरोबर r/2 येते. तो हिशेब वाचकांनी स्वतः करून बघावा. इनर्शिया mr² घ्या, बाकी ओळी त्याच.

आणखी एक अट घर्षणाची. आपण धरलं की सिलिंडर कडेवर घसरत नाही. आपल्या २ सेंमी पायरीला, चढण्यापुरत्याच वेगाने, आपटल्याबरोबर कडेवर घर्षणगुणक निदान ०.३८ लागतो. वेग वाढवला की कडेवरचा दाब कमी होतो आणि हा आकडा वर चढतो. म्हणून प्रत्यक्षात वरची मर्यादा ८ सेंमीच्या जरा अलीकडेच येते, कारण उडण्याआधी तो घसरायला लागतो. पॉलिश केलेल्या फरशीवर गुळगुळीत लाकूड घसरलं तर सूत्राला दोष देऊ नका. कडेवर एमरी पेपरची पट्टी चिकटवा.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं तपासायला आपल्याकडे कुठली साधनं? मित्रांनो, कान आहेत ना? सिलिंडर नीट चढला तर एकच आवाज येतो, कडेवर आपटल्याचा. नंतर केंद्र कडेच्या बरोबर वर येतं, आणि त्याच क्षणी सिलिंडर पायरीच्या सपाट भागाला अलगद टेकतो. दुसरा आवाज नाही. उडाला तर दोन आवाज: कडेवर एक, आणि पायरीवर पडल्यावर दुसरा. चढला नाही तरी दोन, पण दुसरा आवाज मागे, जमिनीवर. म्हणजे डोळे मिटूनसुद्धा सांगता येतं की तिन्हीतलं काय झालं. शंका असेल तर सिलिंडरच्या चपट्या तोंडावर खडूने एक व्यास काढा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा.

याहून भारी परीक्षा परत येणाऱ्या सिलिंडरची आहे. चढायला कमी पडलेला सिलिंडर कडेभोवती वर जातो, थांबतो, आणि त्याच वेगाने कडेभोवती परत येऊन जमिनीवर आपटतो. हे दुसरं आपटणं. इथे जमिनीवरच्या बिंदूभोवती तोच हिशेब लावला की वेग पुन्हा १३/१५ पट होतो. म्हणजे जो v ने आला तो ०.७५v ने परत गेला. परतून तो फळीवर चढेल ती उंची मूळ उंचीच्या ०.५६ पट. २.४ सेंमीवरून सोडलेला सिलिंडर १.३५ सेंमीपर्यंत परत येतो, आणि २ वरून सोडलात तर १.१३ पर्यंत. सोडायची उंची बदला, हे गुणोत्तर तेच राहतं. लाकूड आणि फळी यांच्यात थोडी ऊर्जा वाटेत जातेच, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. तो बराच जास्त आला तर समजा की सिलिंडर कडेवर उसळतोय. ऊर्जावाल्यांच्या मते २.४ वरून सोडलेला सिलिंडर परत यायलाच नको, आणि जो परत येईल तो सोडलेल्या पूर्ण उंचीपर्यंत यायला पाहिजे! एका जर्नलमधलं एक प्रॅक्टिकल याच्यावर सहज निघेल, आणि ते मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवता येणार नाही, कारण प्रत्येक बॅचला फरशी वेगळी देता येईल.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो फक्त पेपरपुरता नाही. पायरीचा हिशेब जरा वेगळ्या नजरेने बघा. आपटण्याआधी सिलिंडर जमिनीवर टेकलेला, नंतर कडेवर. केंद्रापासून या दोन टेकूंकडे काढलेल्या त्रिज्यांमधला कोन आपल्या उदाहरणात ३७ अंश. म्हणजे सिलिंडरला ती २ सेंमीची पायरी न वाटता ३७ अंशांचा अचानक आलेला चढ वाटतो. १३/१५ हा आकडा त्या कोनाच्या कोसाइनमधूनच येतो. आता त्याच पायरीपुढे १० अंशांचा उतार बांधला तर? आपटणं तिथेही आहे, उताराच्या पायथ्याशी. पण तिथे जाणारी ऊर्जा फक्त २ टक्के. पायरीला २५, उताराला २! फळीवरून सोडायची उंची २.६६ वरून २.०४ सेंमीवर येते. आणि हा उतार केवढा? २ सेंमी चढायला साडेअकरा सेंमी लांब. सिमेंटची एक थापी.

आपल्या मेसच्या दाराचा उंबरठा रोज सगळेच ओलांडतात. सकाळ-संध्याकाळ त्याच उंबरठ्यावरून डाळीची, भाताची पातेली ट्रॉलीवरून नेली जातात. ट्रॉली अडली की रांगेतून सल्ला येतो, ‘काका, जरा मागे घेऊन जोरात आणा.’ हा सल्ला देणाऱ्याने मेकॅनिक्सचा पेपर नक्की ऊर्जेने सोडवला असणार! ट्रॉली म्हणजे मोकळा सिलिंडर नव्हे, तिला चार चाकं आहेत आणि मागून माणूस ढकलतोय, म्हणून आपले आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण कल समजायला एका चाकाचा हिशेब पुरेसा आहे. ५ सेंमी त्रिज्येचं छोटं कडक चाक घ्या, सगळं वजन आसावर, चाक स्वतः हलकं. अशा वेळी उरणारा वेग सरळ (r − h)/r पट होतो. २ सेंमीच्या उंबरठ्याला तो ०.६ पट, म्हणजे ६४ टक्के ऊर्जा एका दणक्यात गेली. आणि कडेला चिकटून चढण्याची मर्यादा अशा चाकाला r/3 येते, म्हणजे १.६७ सेंमी. २ सेंमी त्याच्या पलीकडे आहे. म्हणजे मोकळं सोडलेलं असं चाक चढण्याइतका वेग दिला की उडतंच. वेगाने आणलेली ट्रॉली उंबरठ्यावर उडते आणि डाळ हिंदकळते ती काकांच्या हातगुणाने नाही, त्रिज्येच्या आणि उंचीच्या गुणोत्तराने. जोर वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही, जोराने ते आणखी बिघडतं. गरम डाळ कुणाच्या पायावर सांडायच्या आत हे समजून घेतलेलं बरं.

उपाय दोनच. एकतर चाक मोठं करा, म्हणजे त्रिज्येच्या मानाने उंबरठा लहान होईल. नाहीतर उंबरठ्याला दोन्हीकडून सिमेंटचा उतार द्या. त्याच छोट्या चाकाला १० अंशांच्या उतारावर जाणारी ऊर्जा ३ टक्के येते. ६४ कुठे आणि ३ कुठे! दुसरा उपाय स्वस्त आहे आणि एका सुट्टीत होतो. सिव्हिलच्या मुलांनी थापी घ्यावी, मेकॅनिकलच्या मुलांनी हिशेब द्यावा, आणि रेक्टर सरांनी परवानगी द्यावी, एवढीच मागणी आहे.

आणि परीक्षकांकडे मागणी अशी: या गणिताचे दहा मार्क असतील तर दोन मार्क ‘कडेभोवतीच का’ या एका ओळीला ठेवा, दोन ‘r − h’ ला, आणि दोन ‘सिलिंडर कड सोडत नाही’ हे तपासण्याला. उरलेले चार आकडेमोडीला खुशाल द्या. ज्याने ऊर्जेने सुरुवात केली त्याला काय द्यायचं? त्याला फळी, सिलिंडर आणि फूटपट्टी द्या, आणि म्हणावं, दोन सेंटिमीटरवरून सोडून चढवून दाखव.